ऑक्सिजन 99, तरी हातांना मुंग्या

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी पंचविशीतली एक मुलगी समजा. पूर्वपरीक्षा चार दिवसांवर आलेली, रात्रीचं जागरण, पोटात नुसता चहा. अभ्यासिकेत बसल्याबसल्या तिची छाती धडधडायला लागते, हवा पुरत नाहीसं वाटतं आणि ती मोठमोठे श्वास घेऊ लागते. अर्ध्याएक मिनिटात डोकं हलकं होतं, समोरचं पुस्तक लांब गेल्यासारखं दिसतं. आणखी दोनतीन मिनिटांनी ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. मग बोटं आखडतात. अंगठा तळहातात ओढला जातो, बाकीची बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटतात, मनगट आत वळतं. ती हात सोडवू बघते, पण सुटत नाही. आपल्याला लकवा मारला, अशी तिची खात्री पटते. भोवती जमलेल्यांपैकी कुणी फिट आली समजून कांदा शोधायला धावतो, आणि बाकीचे सगळे एकच सल्ला देतात : ‘घाबरू नकोस, जोरात श्वास घे!’

नेमका हाच सल्ला तिचा त्रास वाढवतो.

कॅज्युअल्टीत नेल्यावर बोटाला ऑक्सिमीटर लावतात, तर आकडा 99. कोविडच्या काळापासून हे यंत्र घरोघरी पोचलं आहे, त्यामुळे नातेवाईकही तो आकडा वाचतात आणि चक्रावतात. ऑक्सिजन भरपूर आहे, मग हिचा जीव का गुदमरतोय? कारण गडबड ऑक्सिजनची नाहीच. कमी पडला आहे तो कार्बन डायऑक्साइड.

या वायूला आपण निव्वळ टाकाऊ समजतो, ते बरोबर नाही. रक्तात तो ठरावीक प्रमाणात असावाच लागतो. धमनीतल्या रक्तात त्याचा दाब साधारण 35 ते 45 मिलिमीटर असतो आणि रक्ताची आम्लता त्याच्यावर बेतलेली असते. एरवी आपण मिनिटाला बारा ते सोळा श्वास घेतो, एका श्वासाला साधारण अर्धा लिटर हवा. भीतीच्या झटक्यात शरीर पळायच्या किंवा झुंजायच्या तयारीला लागतं, श्वासांची संख्या वाढते आणि प्रत्येक श्वास मोठा होतो. माणूस खरोखर धावत असता तर स्नायूंनी तेवढाच जास्त कार्बन डायऑक्साइड तयार केला असता आणि हिशेब जुळला असता. ही मुलगी मात्र खुर्चीत बसलेली आहे. तयार होतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वायू ती बाहेर टाकते. अशा वेळी धमनीतल्या रक्ताची तपासणी केली, तर कार्बन डायऑक्साइडचा दाब 22 आणि पीएच 7.58 असा अहवाल येऊ शकतो. एरवी पीएच 7.35 ते 7.45 असतो. म्हणजे रक्त अल्कलीकडे झुकलेलं आहे.

डोकं हलकं होण्याचा संबंध मेंदूच्या रक्तवाहिन्यांशी आहे. त्या कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत फार संवेदनशील असतात. तो कमी झाला की त्या आकसतात. दाब एक मिलिमीटरने उतरला की मेंदूचा रक्तपुरवठा ढोबळमानाने तीन टक्क्यांनी घटतो. चाळीसवरून बावीसवर आल्यावर ही घट एक तृतीयांशाहून जास्त होऊ शकते. त्यात आणखी एक भर पडते. अल्कलीकडे झुकलेल्या रक्तात हिमोग्लोबिन ऑक्सिजनला घट्ट धरून ठेवतं, पेशींना सहजी सोडत नाही. डॅनिश शास्त्रज्ञ ख्रिश्चन बोर यांनी हा संबंध 1904 मध्ये दाखवून दिला होता. म्हणून बोटावर 99 दिसत असतानाही भोवळ येते, नजर धूसर होते, आजूबाजूचं खोटं वाटायला लागतं. एवढं होऊनही अशी माणसं सहसा बेशुद्ध पडत नाहीत, कारण भीतीने रक्तदाब वाढलेला असतो आणि बेशुद्धीला बहुधा तो एकदम कोसळावा लागतो.

मुंग्यांची गोष्ट कॅल्शियमची आहे. रक्तातलं जवळपास निम्मं कॅल्शियम मोकळं असतं आणि बाकीचं बहुतांशी अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेलं. रक्त अल्कलीकडे झुकलं की अल्ब्युमिनवरच्या काही जागा रिकाम्या होतात आणि मोकळं कॅल्शियम तिथे जाऊन बसतं. एकूण कॅल्शियम तेवढंच राहतं, मोकळं कमी होतं. हे मोकळं कॅल्शियम चेतातंतूंच्या आवरणावर दाराच्या कडीसारखं काम करतं. कडी सैल झाली की जरा धक्का लागताच दार उघडावं, तसे तंतू कारण नसताना संदेश सोडू लागतात. त्वचेला काहीही टोचलेलं नसताना मेंदूला मात्र टोचल्याची खबर मिळते.

ऑस्ट्रेलियातल्या मेसफील्ड आणि बर्क या संशोधकांनी 1991 मध्ये हे प्रत्यक्ष नोंदवून दाखवलं. स्वयंसेवकांना मुद्दाम जोरजोरात श्वास घ्यायला लावून त्यांनी चेतातंतूंची हालचाल टिपली. कार्बन डायऑक्साइडचा दाब सरासरी वीसेक मिलिमीटरने उतरल्यावर मुंग्या सुरू झाल्या. संवेदना वाहून नेणारे तंतू आधी बिथरले, स्नायू हलवणारे नंतर. म्हणूनच आधी मुंग्या आणि मग बोटं आखडणं, असा क्रम दिसतो. ओठ आणि बोटांच्या टोकांना संवेदनातंतूंची दाटी असल्यामुळे तिथे ते आधी जाणवतं.

हे सगळं कळल्यावर उपाय उलटा का आहे, ते लक्षात येईल. खोल श्वास नको, कमी आणि सावकाश श्वास हवा. तोंड मिटून नाकाने छोटा श्वास घ्यायचा आणि सोडताना जास्त वेळ लावायचा. सोबतच्याने तिला बोलतं करावं, गावाचं नाव विचारावं, कालच्या जेवणात काय होतं ते विचारावं. बोलताना श्वास आपोआप लांबतो. शरीर स्वतःच कार्बन डायऑक्साइड तयार करत असतं, त्यामुळे काही मिनिटांत पातळी भरून येते आणि हात सुटतात. कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावण्याची जुनी पद्धत मात्र सोडून द्यावी. धाप हृदयविकाराची किंवा दम्याची असेल, तर पिशवीमुळे ऑक्सिजन घटतो आणि त्यातून मृत्यू झाल्याची नोंद 1989 मध्येच वैद्यकीय नियतकालिकात झालेली आहे.

प्रत्येक झटक्याला हे स्पष्टीकरण लागू पडतं, असंही नाही. लोकांच्या अंगावर यंत्रं बांधून रोजच्या जगण्यातले झटके मोजले, तेव्हा बऱ्याच झटक्यांत कार्बन डायऑक्साइड फारसा उतरलेला आढळला नाही. तिथे ॲड्रिनलिनने हातापायांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसणं आणि शरीराकडे ताणून लागलेलं लक्ष यांचाही वाटा असावा. त्यामुळे ‘श्वास नीट घे, सगळं बरं होईल’ हे पॅनिकच्या आजारावरचं पूर्ण उत्तर नाही. झटके वारंवार येत असतील तर मानसोपचारतज्ज्ञाकडेच जावं.

पण ‘नाटक करते’ हा शेरा साफ चुकीचा आहे. मुंग्या खऱ्या असतात, आखडलेला हात खरा असतो.

पहिल्यांदाच असा झटका आला असेल तर ‘टेन्शन आहे’ म्हणून घरीच निकाल लावू नका. ईसीजी आणि रक्तातली साखर तपासून घ्या. मधुमेही माणसाला लागलेली जोराची धाप वेगळ्याच, तातडीच्या कारणाची असू शकते. बधिरपणा एकाच बाजूला आहे, तोंड वाकडं झालंय, हात उचलत नाही किंवा बोलणं अडखळतंय, असं काही दिसलं तर श्वासाचे प्रयोग करत बसू नका, लगेच 108 ला फोन करा.