बाराशे युरोंचं थकलेलं बिल

समजा, कोल्हापुरातल्या एका चित्रकर्तीने जर्मनीतल्या प्रकाशनसंस्थेसाठी पुस्तकाची चित्रं काढली. बिल 1,200 युरोंचं, मुदत 15 जूनची. 30 जुलै उजाडला तरी पैसे नाहीत. आठवणीच्या पत्रात काय लिहायचं?

पहिली गोष्ट, रक्कम युरोतच लिहावी. बिल युरोत असेल तर देणंही युरोतच असतं. जून ते जुलैदरम्यान रुपया वधारला आणि हाती कमी रुपये पडले, तर तो फरक करारात लिहिलेला नसताना मागता येईल असं धरून चालू नये. रुपयांचा आकडा घातला की दर कोणत्या दिवसाचा, यावरच वाद सुरू होतो.

दुसरा वाद पैसे आल्यावर होतो. ग्राहक म्हणतो, 1,200 पाठवले. खात्यावर 1,178 दिसतात. स्विफ्टने पाठवलेली रक्कम अनेकदा मधल्या बँकेतून येते आणि ती बँक आपलं शुल्क त्यातूनच कापून घेते. पाठवताना ग्राहकाने SHA निवडलं असेल तर खर्च दोघांत वाटला जातो, OUR निवडलं तर तो पाठवणाऱ्याकडे राहतो. म्हणून ग्राहकाकडून त्याच्या बँकेच्या स्विफ्ट संदेशाची प्रत मागवावी. शुल्काचा पर्याय त्यात दिसतो. त्यावरच्या UETR क्रमांकावरून वाटेत अडकलेली रक्कमही बँकेला शोधता येते. ‘पैसे पाठवलेत’ हे खरं की खोटं, तेही याच कागदावरून कळतं.

उशिराच्या आकाराचं गणित सोपं आहे. करारात महिना एक टक्का ठरला असेल, तर 1,200 युरोंवर महिन्याला 12 आणि 45 दिवसांचे 18 युरो होतात. हा दर मागायला संकोच वाटू नये. व्यावसायिक देणं थकल्यास जर्मन कायदा मूळ व्याजदरावर 9 टक्के वार्षिक व्याज आणि वर 40 युरो देववतो. मात्र करारात कुठला कायदा लागू ते लिहिलं नसेल, तर युरोपीय नियमांनुसार सेवा देणाऱ्याच्या देशाचा, म्हणजे इथे भारताचा कायदा साधारणपणे लागतो. त्या 40 युरोंवर भिस्त ठेवता येत नाही. आपल्याकडे करार कायद्याचं कलम 74 वाजवी भरपाईच मान्य करतं. त्यामुळे ‘दर दिवशी पाच टक्के’ अशी अट कागदावरच राहते.

पत्रात मुद्दल आणि आकार वेगळ्या ओळींत लिहावेत. सात दिवसांत मुद्दल पूर्ण जमा झालं तर 18 युरो सोडते, असं म्हणायला हरकत नाही; हा आकार वसुलीला गती यावी म्हणूनच असतो. कापले गेलेले 22 युरो मात्र सोडू नयेत, ते केलेल्या कामाचे पैसे आहेत. पुढच्या करारात चलन, ‘शुल्क पाठवणाऱ्याचं’, उशिराचा दर आणि लागू कायदा या चार गोष्टी काम सुरू करण्याआधीच लिहून घ्या.