शनिवारचे पत्र, बुधवारचा सौदा

शुक्रवारी साडेतीन वाजता बाजार बंद होतो आणि इंट्राडे करणाऱ्याचा आठवडा संपतो. आठवड्याचा हिशेब मात्र तेव्हा कुठे सुरू होतो. जे ट्रेडर एखाद्या जुन्याजाणत्या माणसाच्या हाताखाली शिकतात, ते शनिवारी सकाळी त्याला एक पत्र लिहितात: काय मिळाले, कुठे चुकले, पुढच्या आठवड्यात काय करणार. दिसायला साधे काम. पण बहुतेक जण ते चुकीचे लिहितात. नफा झाला की आठवडा चांगला, तोटा झाला की वाईट, एवढेच त्यात असते. त्यातून शिकवणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

सेबीने २०२४ मध्ये शेअरच्या इंट्राडे सौद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२२-२३ या आर्थिक वर्षात असे सौदे करणाऱ्या दर दहा जणांतले सात जण तोट्यात होते. तोटा नेमका कुठून येतो, हे यातल्या प्रत्येकाने स्वतःच्या वहीत शोधायचे असते. पत्र त्यासाठीच असते.

एक नमुना घेऊ. समजा, नाशिकच्या एका तरुणाचे भांडवल तीन लाख रुपये आहे. एका सौद्यात जास्तीत जास्त अर्धा टक्का, म्हणजे १,५०० रुपयेच घालवायचे, असे त्याने ठरवले आहे. या रकमेला ट्रेडर ‘एक आर’ म्हणतात. आर म्हणजे रिस्क, सौद्यात शिरण्याआधीच मान्य केलेला तोटा. पत्रात निकाल रुपयांऐवजी ‘आर’मध्ये लिहिला की तीन लाखवाला आणि तीस लाखवाला एकाच मापाने मोजता येतात, आणि ठरवल्यापेक्षा जास्त गेले का, ते लगेच दिसते. त्याचे बाकीचे नियम साधे आहेत: दिवसाला दोनच सौदे, दुपारी दोननंतर नवा सौदा नाही, आणि एकदा लावलेला स्टॉपलॉस मागे सरकवायचा नाही.

त्याने आठवड्यात आठ सौदे केले. पत्राच्या पहिल्या मसुद्यात त्याने लिहिले, “सर, या आठवड्यात २,१०० रुपये गेले. मार्केट चॉपी होते. बुधवारी सकाळी मोठा फटका बसला, पण दुपारी चांगले रिकव्हर केले.”

या तीन वाक्यांत तीन गोष्टी लपल्या आहेत, आणि मार्गदर्शकाला नेमक्या त्याच हव्या असतात.

पहिली गोष्ट खर्चाची. २,१०० हा आकडा त्याने अ‍ॅपच्या पडद्यावरून घेतला. ब्रोकरकडून ईमेलवर येणाऱ्या कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये आकडा वेगळा असतो. दीड लाखांचा शेअर घेऊन त्याच दिवशी विकला, तर ऑर्डरमागे वीस रुपये घेणाऱ्या डिस्काउंट ब्रोकरकडे दोन्ही बाजूंची दलाली चाळीस रुपये होते. विक्रीवरचा सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्स सुमारे साडेसदतीस रुपये. त्यावर एक्सचेंजचा आकार, स्टॅम्प ड्यूटी आणि जीएसटी मिळवला की सौद्यामागे साधारण शंभर रुपये होतात. आठ सौद्यांचे आठशे. म्हणजे आठवड्याचा खरा तोटा २,९०० रुपये. म्हणून पत्रातला निकाल नेहमी कॉन्ट्रॅक्ट नोटवरून लिहायचा, पडद्यावरून नव्हे.

दुसरी गोष्ट बुधवारची, आणि तिथे थोडे थांबायला हवे. त्या दिवशी पहिल्या सौद्यात नियमाप्रमाणे एक आर गेला. दुसऱ्यात त्याने एक शेअर ७५० रुपयांना घेतला, २०० नग. स्टॉपलॉस ७४२.५० ला, म्हणजे साडेसात रुपये गुणिले दोनशे, बरोबर १,५००. भाव घसरत ७४३ वर आला. आणखी पन्नास पैशांत स्टॉप लागणार होता. तेवढ्यात त्याने ऑर्डर बदलली आणि स्टॉप ७३२ वर नेला. “इथून वळेल असे वाटले,” हे त्याचे कारण. भाव वळला नाही. ७३२ ला ३,६०० रुपये गेले, २.४ आर.

मसुद्यात याला ‘मोठा फटका’ म्हटले होते, जणू तो बाहेरून येऊन बसला. पण ऑर्डर बुकमध्ये प्रत्येक बदलाची वेळ नोंदलेली असते. मूळ ऑर्डर आणि नंतरची दुरुस्ती शेजारीशेजारी ठेवली की १,५०० रुपये बाजाराने नेले आणि उरलेले २,१०० त्याने स्वतः दिले, हे स्पष्ट दिसते. म्हणूनच जाणते मार्गदर्शक आठवणीतून लिहिलेले पत्र परत पाठवतात आणि ऑर्डर बुकची प्रत मागतात. आठवण वेळा विसरते, आणि नेमक्या अडचणीच्या वेळाच विसरते.

तिसरी गोष्ट त्या ‘रिकव्हरी’ची. दोन तोट्यांनंतर त्याने दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी तिसरा सौदा केला. त्यात १,८०० रुपये मिळाले, म्हणजे १.२ आर. पत्रात तो जमेच्या बाजूला होता. मार्गदर्शकाच्या लेखी तो चुकांच्या रकान्यात जायला हवा, कारण त्याने दोन नियम एकदम मोडले: सौद्यांच्या संख्येचा आणि वेळेचा. नुकसानीचा सौदा माणसाला निदान टोचतो. नियम मोडून मिळालेला नफा शाबासकी देतो, आणि पुढच्या वेळी हात तिकडेच वळतो. आठवड्यातल्या आठ सौद्यांत सर्वांत धोकादायक सौदा हाच होता.

आता पत्र नव्याने मांडले तर चित्र बदलते. नियमांत बसणारे सौदे सहा. दोन नफ्याचे, चार तोट्याचे, मिळून उणे ०.२ आर, म्हणजे ३०० रुपये तोटा. नियम मोडलेले दोन, मिळून उणे १.२ आर, म्हणजे १,८०० रुपये. खर्च ८००. बेरीज तीच, २,९००. पण त्यातला मोठा वाटा ना ‘चॉपी मार्केट’चा, ना पद्धतीचा. तो बुधवारच्या दोन निर्णयांचा आहे.

पद्धत चांगली आहे, असा निष्कर्ष मात्र यातून काढता येत नाही. सहा सौद्यांवरून काहीच ठरत नाही. खर्च धरला तर तेही थोडे तोट्यातच आहेत. अशी पत्रे काही महिने साठली, नियमातले शंभर-एक सौदे जमले, की त्यांच्या सरासरीवर बोलता येते. तोवर पत्र फक्त एवढेच सांगू शकते की पद्धत खरोखर वापरली गेली की नाही.

पुढच्या आठवड्याच्या योजनेत ‘शिस्त पाळीन’ असे लिहिले, तर ते तपासायचे कसे? ऑर्डर बुक उघडून हो किंवा नाही म्हणता येईल, असेच वाक्य तिथे हवे. आणि एकाच चुकीबद्दल हवे. या तरुणासाठी ते असे होऊ शकते: स्टॉपलॉस मागे सरकवल्याच्या नोंदी शून्य, पूर्ण आठवडा नगसंख्या निम्मी, म्हणजे एक आर ७५० रुपये, दिवसाचे दोन सौदे झाले की अ‍ॅपमधला किल स्विच चालू. काही ब्रोकरांकडे ही सोय असते. ती दाबली की काही वेळ नवा सौदा करता येत नाही. निम्म्या नगांमागे कारण आहे. ७४३ वर असताना खात्यातून जाणारी रक्कम निम्मी असेल, तर स्टॉप तसाच राहू देणे हाताला सोपे जाते.

पत्रात एक गोष्ट मागायची नसते: “सोमवारी कोणता शेअर घेऊ?” पैसे घेऊन असा सल्ला देणाऱ्याला सेबीकडे नोंदणी लागते. केवळ शिकवणाऱ्यांनी गेल्या तीन महिन्यांतले भाव वापरून शेअरविषयी बोलू नये, असे सेबीने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले. पत्राच्या उत्तरात चालू शेअरची नावे येऊ लागली किंवा खात्याचा पासवर्ड मागितला गेला, तर पत्रव्यवहार तिथेच थांबवावा. चांगले उत्तर बहुधा छोटे असते. या पत्राला ते असे असेल: “बुधवारी ७४३ ला तू स्टॉप हलवलास. त्या आधीच्या पाच मिनिटांत काय पाहत होतास, ते लिहून पाठव.”