सवड, तारण आणि परतीचा ट्रक

व्यवहाराची भाषा : लेखांक सातवा

दिवाळी उलटून कापसाच्या गाड्यांची रीघ लागलेली असताना, जामनेर परिसरातील एका जिनिंगचे मालक, ज्यांना आम्ही सारे आप्पा म्हणतो, त्यांनी गाठी विकत घेणाऱ्या एका बाहेरगावच्या कंपनीचा ई-मेल छापून माझ्यापुढे ठेवला. मजकूर इंग्रजी होता आणि त्याचा इत्यर्थ असा की, सध्या कंपनीजवळ ‘बँडविड्थ’ नाही, सबब आप्पांनी आपली विद्यमान मालमत्ता ‘लीव्हरेज’ करावी, म्हणजे उभयपक्षी ‘सिनर्जी’ साधेल. आप्पांचे जुने मुनीम शेजारीच बसले होते. ते दबल्या आवाजात म्हणाले, “भाऊ, हे लोक गोदाम गहाण टाकायला सांगतात का काय?”

मुनिमांचे हे भय अज्ञानातून आलेले नव्हते, हे प्रथम सांगितले पाहिजे. तरफेच्या टोकावर थोडा जोर देऊन मोठा धोंडा उचलावा, तद्वत थोड्या स्वतःच्या भांडवलावर पुष्कळ कर्ज काढून मोठा धंदा करणे, याला सावकारी जगतात लीव्हरेज म्हणतात, आणि बँकेच्या कागदपत्रांत मुनिमांनी तो शब्द याच अर्थी पाहिला होता. वाटाघाटीत समोरच्यावर टाकता येणारा दाब, हा त्याचा दुसरा अर्थ. आणि कचेरीच्या पत्रव्यवहारात तो ज्या तिसऱ्या अर्थाने सर्रास येतो, तो केवळ ‘वापरणे’. कर्ज, दाब आणि वापर हे तीन निरनिराळे व्यवहार मराठीत तीन निरनिराळे शब्द मागतात; इंग्रजी पत्रलेखकाची मात्र एकाच शब्दात सोय होते, आणि वाचणाऱ्याच्या जिवाला घोर लागतो.

म्हणूनच अशा शब्दाला कोशातून एक प्रतिशब्द काढून चिकटवणे, हा उपाय मला पुरेसा वाटत नाही. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश सिद्ध करून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, त्याच काळात अष्टप्रधानांची सचिव, अमात्य अशी नामाभिधाने रूढ झाली. तरीही जमा, खर्च, बाकी आणि वसूल हे शब्द आजतागायत खतावणीतून हललेले नाहीत, कारण त्यांचा अर्थ वाचणाऱ्याला विचारावा लागत नव्हता. ‘सिनर्जी’ला शास्त्रीय ग्रंथांत ‘सहक्रिया’ म्हणतात आणि तो शब्द निर्दोष आहे. पण आप्पांच्या ई-मेलात तो घातला असता, तर मुनिमांनी एका कोड्याऐवजी दुसरे कोडे वाचले असते.

तेव्हा मी कंपनीच्या संबंधित अधिकाऱ्यांना दूरध्वनी करून तीनच प्रश्न विचारले: कोण, काय आणि केव्हापर्यंत. बँडविड्थ नाही म्हणजे काय? तर गाठींची प्रतवारी तपासणारे त्यांचे दोघे इसम २८ तारखेपर्यंत अकोल्यास गुंतलेले होते. म्हणजे सवड नव्हती. मूळ शब्द संदेशवहनाच्या शास्त्रातला, कंपनांच्या वरच्या व खालच्या मर्यादांमधील पट्ट्याची रुंदी सांगणारा. तिथे तो हर्ट्झमध्ये मोजला जातो आणि तिथे तो अवश्य असावा. ‘लीव्हरेज’चा अर्थ निघाला तो इतकाच, की तोवर १०० गाठी आप्पांच्या रिकाम्या गोदामात राहू द्याव्यात. तारणाचा प्रश्नच नव्हता, हे ऐकून मुनिमांनी पाणी मागवले.

राहिली सिनर्जी. दोघांनी मिळून केल्याने, दोघांच्या वेगवेगळ्या कामाच्या बेरजेहून अधिक काही पदरात पडत असेल, तरच या शब्दाला अर्थ आहे. एरवी तो ‘मिळून काम करू’ याचे नटवे रूप. इथे मात्र ते अधिक खरोखरच होते. कंपनीचा ट्रक जळगावी माल उतरवून रिकामाच परत जात असे आणि आप्पा गाठी पोचवण्यासाठी निराळा ट्रक ठरवीत. एका गाठीचे वजन सुमारे १७० किलो धरले तर १०० गाठी १७ टनांच्या आत-बाहेर, म्हणजे परतीच्या ट्रकचा भार. इतकी सरळ फायद्याची गोष्ट ज्या शब्दाआड दडली होती, त्या शब्दाबद्दल मला अजूनही राग येतो.

मग तोच ई-मेल आम्ही मराठीत असा लिहिला:

“आमचे तपासनीस २८ तारखेपर्यंत अकोल्यास आहेत. तोवर १०० गाठी आपल्या गोदामात ठेवाव्यात. गोदामाचे भाडे आम्ही देऊ. २९ तारखेस तपासणी होईल. ३० तारखेस जळगावहून परतणाऱ्या आमच्या ट्रकमध्ये गाठी भराव्यात, म्हणजे आपला वाहतूकखर्च वाचेल.”

मुनिमांनी कागद डोळ्यांजवळ धरून दोनदा वाचला, टाकाने ‘भाडे’ या शब्दाखाली रेघ ओढली आणि विचारले, “गाठीमागे, का दिवसावर?”

ते कंपनीने कुठेच ठरवलेले नव्हते. आप्पांनी पुन्हा दूरध्वनी उचलला.