लिहिणं आणि दुरुस्त करणं : कुंपणापलीकडचा श्रोता

गेल्या आठवड्यात संवादाच्या लांबीबद्दल बोललो. या वेळी एका प्रेमकादंबरीचं हस्तलिखित घेऊ. लेखिकेच्या परवानगीनं त्यातला एक प्रसंग देतो. नाशिकची ऋता नोकरीसाठी चेन्नईत आली आहे आणि मैलापूरला एका तंजावरी मराठी मामींकडे भाड्यानं राहते. मामींचा भाचा कार्तिक रोज संध्याकाळी येतो. त्याची पुण्याला बदली होते, आणि मग दोघं असं बोलतात :

‘तू बदलीचं सांगितलंस तेव्हा मला फार असुरक्षित वाटलं. लहानपणी बाबा सोडून गेले, म्हणून कुणी दूर जाणार म्हटलं की मी घाबरते. माझं तुझ्यावर प्रेम आहे, कार्तिक.’

‘मलाही तुला गमावण्याची भीती वाटते, ऋता. पण माझी स्वप्नंही मला महत्त्वाची आहेत.’

यातला एकही शब्द खोटा नाही. तरी प्रसंग निर्जीव आहे, कारण दोघं एकमेकांशी बोलतच नाहीत. ती दोघं वाचकाला माहिती पुरवताहेत. बोलणाऱ्यांची नावं अदलाबदल करून पाहा. बाबांचा आणि बदलीचा उल्लेख सोडला तर काही बिघडत नाही. ज्या वाक्याला आपला माणूस ओळखता येत नाही, ते त्या माणसाचं नसतं. दुसरं, ऐकणाऱ्याला यातलं नवीन काय कळलं? बाबांची हकिकत कार्तिकला चौथ्या प्रकरणातच माहीत झाली आहे.

भावनेची नावं खोडून टाका, एवढाच सल्ला दिला तर खाली काहीच उरत नाही. त्या जागी काय लिहायचं, याचं उत्तर तमिळ साहित्यातच आहे. ‘कुरुंतोगै’ हा चार ते आठ ओळींच्या संगमकालीन प्रेमकवितांचा संग्रह. उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनी त्याची सटीक आवृत्ती 1937 साली काढली. त्यांच्या नावाचं ग्रंथालय आजही बेझंटनगरला आहे. या कवितांत नायक-नायिकेला नावं नसतात, पण कोण कुणाला आणि कोणत्या वेळी बोलतं आहे हे सांगणारी टीप कवितेबरोबर येते. तिथे एक प्रसंग पुन्हा पुन्हा भेटतो : नायक कुंपणापलीकडे उभा आहे, आणि सखी त्याला ऐकू जावं म्हणून नायिकेशी बोलते, किंवा नायिका सखीशी. वाक्य एकीला उद्देशून आणि खरा श्रोता दुसराच. त्यामुळे साध्या बोलण्यालाही ताण येतो.

ऋताचा प्रसंग आम्ही याच पद्धतीनं पुन्हा मांडला. ती स्वयंपाकघरात आहे, कार्तिक दाराशी चप्पल काढतो आहे.

‘मामी, एक तारखेपासून दुधाची एकच पिशवी सांगा. संध्याकाळच्या कॉफीला कुणी नसेल.’

मामी दाराकडे बघतात. कार्तिक आत न येता म्हणतो, ‘दोनच असू देत मामी. जानेवारीपर्यंत मी इथंच आहे.’

‘उरलेलं दूध नासतं,’ ऋता म्हणते, आणि त्याच्या कॉफीचा टंबलर डवऱ्यात उपडा करते.

आता नावं बदलून पाहा, जमत नाही. ती तक्रार करते आहे, तो मुदत मागतो आहे आणि मामी मध्ये अडकल्या आहेत. भीती आणि प्रेम दोन्ही तिथं आहेत. नाव मात्र कशाचंच घेतलेलं नाही.

पण इथे एक अडचण आहे, आणि ती मोठी आहे. संगमकवितेच्या श्रोत्याला संकेत आधीच ठाऊक होते : डोंगर आला की मीलन, समुद्रकिनारा आला की झुरणं, उजाड वाट आली की ताटातूट. आपल्या वाचकाजवळ दुधाच्या पिशवीचा असा कोश नाही. तो लेखिकेनं घडवायला हवा. म्हणून तिला तिसऱ्या प्रकरणात परत पाठवलं. कार्तिक रोज येऊ लागल्यावर मामी एकाच्या दोन पिशव्या घेऊ लागल्या, हे तिथं दोन ओळींत यायला हवं, आणि तेही सहज, मामींनी दूधवाल्याला सांगताना. तेवढं नसेल तर सुधारलेला संवाद कोड्यासारखा वाटेल, आणि त्यापेक्षा मूळचा उघड संवाद परवडला. हे तपासायला कादंबरी न वाचलेल्या माणसाला फक्त तिसरं प्रकरण आणि हे प्रकरण द्या आणि ऋता कशावर चिडली आहे ते विचारा. तो ‘दुधाच्या खर्चावर’ म्हणाला, तर पेरणी कमी पडली.

बाबांचं वाक्य आम्ही कापलं, पण ती भीती ठेवली. ऋता कुणालाही निरोप द्यायला स्टेशनवर जात नाही, एवढंच आधी एकदा दिसतं. जानेवारीत ती चेन्नई सेंट्रलला येते, तेव्हा वाचकाला कारण सांगावं लागत नाही.

‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे वाक्य मात्र मी खोडू दिलं नाही, फक्त हलवलं. मूळ जागी ते बोलायला ऋताला काही मोजावं लागत नव्हतं. आता ते सेंट्रलवर येतं, मामी शेजारी उभ्या असताना. तिथून पुढे मामींच्या घरात भाडेकरू म्हणून राहणं तिला पूर्वीसारखं सोपं उरत नाही, आणि पुढचं प्रकरण तिथूनच सुरू होतं.