फवारणीचा ड्रोन घ्यावा का? महाड-पोलादपूरच्या तरुणांसाठी एक हिशोब

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या घराघरांत सध्या एक विषय निघतो. मुलगा बारावी किंवा आयटीआय झालेला आहे, आखातात जायचं मन नाही किंवा व्हिसा जमत नाही. मग कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ दाखवतो: शेतावर ड्रोन उडतोय, दहा मिनिटांत एक एकर फवारून होतोय. "दोन लाखांचं कर्ज काढू, बाकी पाहुण्यांकडून घेऊ, ड्रोन भाड्यानं फिरवू," असा बेत ठरतो. बेत वाईट नाही. पण तो आपल्या भागात कसा बसतो, हे पैसे देण्याआधी पाहायला हवं. म्हणून आम्ही हा हिशोब मांडतो आहोत.

आधी यंत्र समजून घेऊ

फवारणीसाठी साधारण दहा लिटर टाकीचा ड्रोन वापरतात. भरल्यावर त्याचं वजन पंचवीस किलोच्या आत ठेवलेलं असतं, कारण 2021 च्या ड्रोन नियमांत दोन ते पंचवीस किलो हा 'स्मॉल' वर्ग आहे. पाठीवरच्या पंपाला एकरी दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं, तिथे ड्रोनला आठ-दहा लिटर पुरतं. म्हणजे एका टाकीत साधारण एक एकर. बॅटरीही जवळपास तेवढीच चालते. त्यामुळे बॅटरीचे तीन-चार जोड, चार्जर आणि शेतावर जनरेटर हे सगळं सोबत लागतं. बॅटऱ्या धरून पूर्ण संच पाच ते आठ लाखांच्या घरात जातो. दोन लाखांच्या कर्जात तो बसत नाही, ही पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट म्हणजे बॅटरी झिजते. एक जोड साधारण अडीचशे वेळा चार्ज झाला की दम तोडायला लागतो. जोडाची किंमत पन्नास हजार धरली, तर प्रत्येक एकरामागे दोनशे रुपये नुसत्या बॅटरीचे गेले. हा खर्च त्या दिवशी खिशातून जात नाही, म्हणून नवखा मुलगा तो मोजत नाही. वर्षभरानं नवीन जोड घ्यायची वेळ येते तेव्हा कळतं की ज्याला नफा समजलो तो नफा नव्हताच.

आता आपल्या खाचरात उतरू

समजा सावित्रीकाठच्या एका गावातला तेवीस वर्षांचा मुलगा आहे. त्यानं सहा लाखांचा ड्रोन घेतला आणि एकरी पाचशे रुपये दर ठेवला. आपल्याकडे भात हेच मुख्य पीक. लावणी जुलैत होते. खोडकिडा, तुडतुडे, करपा यांची फवारणी ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत येते. पण ऑगस्टमध्ये आपल्याकडे पाऊस किती, हे सांगायला नको. फवारल्यावर काही तास पाऊस नको, आणि वाराही मंद हवा. सेकंदाला तीन मीटरच्या आसपास वारा ठीक, पाचच्या वर गेला की थांबायचं. अशी उघडीप धरून हंगामात पंचवीस दिवस मिळाले तरी चांगले म्हणायचे.

शिवाय आपली खाचरं लहान. कुणाचे दहा गुंठे, कुणाचे वीस, मध्ये बांध, वर डोंगरउतार. सपाट माळावर दिवसाला वीस-पंचवीस एकर होतात. इथे एका शेतकऱ्याकडून दुसऱ्याकडे जाण्यातच वेळ जातो, म्हणून दहा एकर धरू.

दिवसाची आवक पाच हजार. त्यातून मदतनीसाला सहाशे, जनरेटरचं पेट्रोल पाचशे, गाडीभाडं पाचशे, बॅटरीची झीज दोन हजार. हातात उरले चौदाशे. पंचवीस दिवसांचे पस्तीस हजार. त्यातून वर्षाचा विमा आणि सर्व्हिसिंग वजा केली तर मुलाच्या हाती जवळपास काहीच राहत नाही. सहा लाख फेडायचे कशातून?

आंब्याच्या बागा आहेत की, असं कुणी म्हणेल. पण जुनं हापूसचं झाड उंच आणि दाट असतं. ड्रोन वरून फवारतो, औषध वरच्या पानांवर बसतं. आतल्या फांद्या आणि खालचा मोहोर कोरडाच राहतो. लहान, छाटणी केलेल्या कलमांवर जमतं, पण तेवढ्यावर धंदा उभा राहत नाही.

डोंगरात ड्रोन पडतो कसा

उतारावरच्या शेतात आणखी एक धोका आहे. सिग्नल तुटला किंवा बॅटरी कमी झाली की ड्रोन आपोआप निघाल्या जागी परत येतो. परतीची उंची आधी ठरवून ठेवलेली असते. ती कमी ठेवली आणि मध्ये चढ, माड किंवा विजेची तार असली, तर ड्रोन सरळ जाऊन आदळतो. म्हणून उड्डाणाआधी आजूबाजूचं सगळ्यात उंच झाड बघून त्याच्या वर परतीची उंची लावायची. पिकापासून दीड-अडीच मीटर उंची राखायला जमिनीचा चढउतार मोजणारा रडार असलेलाच ड्रोन घ्यायचा. नाहीतर वरच्या खाचरात तो पिकाला घासतो आणि खालच्या खाचरात औषध वाऱ्यावर जातं.

औषधाचंही तसंच. एवढ्या कमी पाण्यात मिश्रण दाट होतं. पावडर नीट विरघळली नाही तर नोझल तुंबतं आणि शेतात पट्टे राहतात. आठवड्यानं शेतकरी दाखवतो: ही ओळ हिरवी, ही पिवळी. म्हणून आधी साध्या पाण्यावर चालवून चारही नोझल सारखे फवारतात का ते पाहायचं. औषध ड्रोनसाठी मान्य आहे का ते कृषी सहायकाला विचारायचं, ग्रामपंचायतीला आदल्या दिवशी कळवायचं. विहीर, ओढा, नदी आणि मधमाश्यांच्या पेट्यांपासून लांब राहायचं. तणनाशकाला तर नवख्यानं हातच लावू नये. वाऱ्यानं ते शेजाऱ्याच्या भाजीवर गेलं की भांडण गावभर होतं.

मग रस्ता कुठला?

आमच्या मते पहिल्या वर्षी ड्रोन नव्हे, सर्टिफिकेट घ्यावं. नियमानुसार वय अठरा ते पासष्ट, दहावी पास, आणि डीजीसीएनं मान्यता दिलेल्या संस्थेत प्रशिक्षण, एवढं लागतं. प्रशिक्षण साधारण आठवडाभराचं असतं. मिळालेलं रिमोट पायलट सर्टिफिकेट दहा वर्षं चालतं. फी संस्थेप्रमाणे तीस ते साठ हजारांच्या आसपास. हे मध्यम कर्जात, किंबहुना घरच्या पैशात बसतं. फी भरण्याआधी संस्थेचं नाव डीजीसीएच्या यादीत आहे ना, ते स्वतः पाहा. नुसतं 'कोर्स केल्याचं' कागद कामाचा नाही.

सर्टिफिकेट हातात आलं की आंबेनळी घाट चढायचा. पलीकडे सातारा जिल्ह्यात ऊस आहे. ऊस डोक्याच्या वर गेला की पाठीवर पंप घेऊन माणूस आत शिरू शकत नाही, तिथे ड्रोनला खरं काम आहे. शेतं मोठी, पाऊस कमी, आणि लागवड वर्षात तीन हंगामांत होत असल्यानं काम पावसाळ्यापुरतं नसतं. वीस एकरांचा दिवस धरला तर दहा हजार आवक. बॅटरीचे चार हजार आणि मजुरी, पेट्रोल, राहणं यांचे दोन हजार गेले, तरी चार हजार उरतात. असे ऐंशी दिवस मिळाले तर तीन लाख वीस हजार. तोच ड्रोन, तोच मुलगा, फरक फक्त शेताचा. पण ते दिवस मिळतात का, हे ड्रोनमालकाकडे पगारी पायलट म्हणून एक वर्ष काढल्यावरच कळतं.

गावातही एक दार आहे. केंद्राच्या 'नमो ड्रोन दीदी' योजनेत महिला बचत गटाला ड्रोनच्या किमतीच्या ऐंशी टक्के, जास्तीत जास्त आठ लाख रुपये मदत मिळते. गटातल्या एका महिलेला पायलटचं आणि घरातल्या दुसऱ्याला सहायकाचं प्रशिक्षण असतं. आपल्या बहिणी, भाभी बचत गटात आहेत. त्यांनी पंचायत समितीत विचारणा करायला हरकत नाही.

स्वतःच्या नावावर घ्यायचाच असेल तर ग्रामीण उद्योजकाच्या भाडे केंद्राला चाळीस टक्के, चार लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. पण महाडीबीटीवर अर्ज करून पूर्वसंमती मिळाल्यावरच खरेदी करायची असते, आणि अनुदान नंतर खात्यात येतं. आधी सगळे पैसे आपल्यालाच उभे करावे लागतात. या मधल्या काळासाठी घेतलेलं कर्जच अनेकांना जड जातं.

पैसा कुणाचा, तोटा कुणाचा

व्याज नको असणाऱ्या घरांत आखातातल्या मामू-चाचांकडून पैसे घेतले जातात. इथे एक गोष्ट कागदावर स्पष्ट करा: हे कर्ज-ए-हसना आहे की भागीदारी? कर्ज असेल तर ड्रोन पडला तरी पूर्ण रक्कम परत करायची आहे. मुदारबत असेल तर नफा ठरल्याप्रमाणे वाटायचा. तोटा झाला आणि मुलाची हयगय नसेल तर पैशाचा तोटा पैसेवाल्याचा, मुलाची मेहनत गेली. दोघांनी पैसे घातले असतील तर तोटा ज्याच्या-त्याच्या रकमेच्या प्रमाणात. हे आधी लिहिलं नाही तर पहिल्या अपघातानंतर नातं तुटतं. बॅटरीची झीज वजा केल्यावरच नफा मोजायचा, हेही त्यात लिहा. शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारून घ्या.

फोटोच्या ड्रोनबद्दल थोडक्यात

शादीच्या शूटिंगचा ड्रोन स्वस्त पडतो. पण अडीचशे ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर सर्टिफिकेट तिथेही लागतं. परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी 2022 पासून बंदी आहे. म्हणून 'दुबईहून आणलेला' किंवा बिल-नंबर नसलेला सेकंडहँड ड्रोन घेऊ नका. रायगड किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. तिथे परवानगीशिवाय उडवणं म्हणजे पोलिसांना बोलावणं. प्रत्येक वेळी डिजिटल स्कायच्या नकाशावर आपली जागा हिरव्या भागात आहे का ते पाहा. आणि शादीत बायकांच्या मंडपावरून ड्रोन न्यायचा नाही, हे घरवाल्यांशी आधीच बोलून घ्या.

आता घरात बेत निघाला तर मुलाला तीनच प्रश्न विचारा. वर्षात किती दिवस काम, दिवसाला किती एकर, आणि बॅटरी वजा करून एकरी किती उरतात? ही तीन उत्तरं त्यानं स्वतः शेतावर फिरून आणली, तर पैसे द्यायचे की नाही हे तुम्हालाच कळेल.