शहर किती वाढलं?

हिंजवडीच्या परिसरात 2001 ते 2021 या काळात किती जमिनीवर बांधकाम झालं, हे लँडसॅट उपग्रहाच्या चित्रांवरून काढता येतं. चित्रातला प्रत्येक चौकोन ३० मीटर बाजूचा असतो. त्याच्या रंगछटांवरून संगणक ‘नवं बांधकाम’ किंवा ‘बाकी’ ठरवतो. उन्हाळ्यातली नांगरलेली कोरडी जमीन त्याला काँक्रीटसारखी भासते, म्हणून दोन्ही चित्रं पावसाळ्यानंतरच्या एकाच महिन्यातली घ्यावीत.

नुसते चौकोन मोजून थांबणं मात्र चुकीचं. समजा, १ लाख हेक्टरांपैकी १०,००० हेक्टर ‘नवं बांधकाम’ निघालं. त्यातले १०० ठिपके यादृच्छिक निवडून बारकाव्याच्या चित्रांवर तपासले. ८० खरे ठरले, म्हणजे ८,००० हेक्टर. ‘बाकी’तल्या ३०० ठिपक्यांपैकी ९ ठिकाणी इमारती सापडल्या, ९०,००० हेक्टरांचे ३ टक्के म्हणजे २,७००. खरा अंदाज १०,७०० हेक्टर, तोही सुमारे १,९०० हेक्टर इकडेतिकडे.

अचूकतेच्या तक्त्यात हा नकाशा ९५ टक्के बरोबर दिसतो. तरी नव्या बांधकामाचा चौथा हिस्सा त्यातून निसटलेला आहे, कारण न बदललेली अफाट जमीन ओळखणं सोपं असतं आणि तिचेच गुण एकूण टक्केवारी फुगवतात. अहवाल हाती आला, की मी आधी ‘नवं बांधकाम’ची ओळ आणि रकाना वाचतो.