वर्तुळ दिसले म्हणजे डेडलॉक झालाच असे नाही

बँकेच्या सर्व्हरवर एकाच क्षणी दोन व्यवहार सुरू झाले, असे धरू. पहिल्याला १०१ क्रमांकाच्या खात्यातून २०२ मध्ये ५०० रुपये टाकायचे आहेत, दुसऱ्याला २०२ मधून १०१ मध्ये २००. शिल्लक बदलत असताना मध्येच कोणी हात घालू नये म्हणून प्रत्येक व्यवहार आधी पैसे जाणाऱ्या खात्याला लॉक लावतो, मग पैसे येणाऱ्या खात्याला.

```
T1: lock(101)  lock(202)
T2: lock(202)  lock(101)
```

दोघांनी आपापले पहिले लॉक घेतले आणि दुसऱ्यासाठी थांबले. आता दोघेही कायमचे थांबणार. पडद्यावर चूक दिसत नाही, प्रोग्रॅम बंदही पडत नाही. प्रोग्रॅम अनंत फेऱ्यांत अडकला असता तर प्रोसेसर तापला असता. इथे हे दोघे प्रोसेसर जवळजवळ वापरतच नाहीत.

हाच डेडलॉक. कॉफमन, एल्फिक आणि शोशानी या तिघांनी १९७१ साली एका लेखात त्याच्या चार अटी मांडल्या. चारही एकाच वेळी लागू असल्याशिवाय डेडलॉक होत नाही. आपल्या उदाहरणावर त्या लावून पाहू.

लॉक एका वेळी एकाकडेच असते, ही पहिली अट, आणि ती इथे उघडच लागू आहे. हातातले न सोडता दुसरे मागायचे ही दुसरी, तीही आहे. तिसरीपाशी विद्यार्थी हमखास घोटाळा करतात. हातातली वस्तू कोणी हिसकावून घेऊ शकत नाही, अशी ती अट. ऑपरेटिंग सिस्टीम तर दर काही मिलिसेकंदांनी प्रोसेसकडून प्रोसेसर काढून घेते, मग ही अट मोडलीच की, असे त्यांना वाटते. पण काढून घेतला जातो तो प्रोसेसर. लॉक जिथल्या तिथेच राहते. ज्या वस्तूसाठी खोळंबा झाला आहे ती हिसकावता येते का, एवढेच इथे विचारायचे. चौथी अट वर्तुळाची: T1 थांबला आहे T2 साठी आणि T2 थांबला आहे T1 साठी. चारही अटी भरल्या.

पहिल्या तीन अटी म्हणजे व्यवस्थेचे आणि प्रोग्रॅमचे नियम आहेत. त्या कोड वाचून तपासता येतात. वर्तुळ मात्र विशिष्ट क्षणी तयार होते. T1 ने दोन्ही लॉक पटकन घेतले असते तर तोच कोड निर्धोक चालला असता. म्हणून चाचणीत सगळे सुरळीत चालते आणि गर्दीच्या वेळी सर्व्हर अडकतो.

खरी फसगत पुढे आहे. एकाच प्रकारच्या अनेक वस्तू असतील तर वर्तुळ दिसूनही डेडलॉक नसू शकतो. समजा, दोन स्कॅनर आहेत आणि दोन प्रिंटर. क कडे एक स्कॅनर आहे, त्याला प्रिंटर हवा. ख कडे एक प्रिंटर आहे, त्याला स्कॅनर हवा. उरलेला स्कॅनर ग कडे आणि उरलेला प्रिंटर घ कडे आहे. त्या दोघांना आणखी काही नको. कागदावर बाण काढले तर क पासून प्रिंटर, तिथून ख, मग स्कॅनर आणि परत क, असे पूर्ण वर्तुळ दिसते. परीक्षेत इथेच घाईने ‘डेडलॉक आहे’ असे लिहिले जाते.

तपासायची रीत अशी: ज्याची मागणी आत्ता भागू शकते किंवा ज्याला काहीच नको, तो काम संपवील असे धरून त्याला खोडा आणि त्याच्या वस्तू मोकळ्या करा. ग खोडला की एक स्कॅनर सुटतो, तो ख ला मिळतो. ख चे काम झाले की प्रिंटर सुटतो आणि क चेही भागते. सगळे खोडले गेले, म्हणजे डेडलॉक नाही. आता ग लाही प्रिंटर हवा आणि घ लाही स्कॅनर हवा, असा बदल करा. पहिला कोणाला खोडणार? कोणीच सापडत नाही. चौघेही अडकले. वर्तुळ आधीही होते. बदलले ते एवढेच, की वर्तुळाबाहेरून वस्तू सोडणारा कोणी उरला नाही.

डेडलॉक टाळायला चारपैकी एकच अट मोडली तरी पुरते. बँकेच्या उदाहरणात वर्तुळाची अट मोडणे सर्वांत स्वस्त पडते: पैसे कुठूनही कुठेही जावोत, लहान क्रमांकाच्या खात्याला आधी लॉक लावायचे. मग T2 सुद्धा आधी १०१ मागतो, ते T1 कडे असेल तर रिकाम्या हाताने थांबतो, आणि वर्तुळ बनतच नाही. डेटाबेस बहुधा तिसरी अट मोडतात. मायएसक्यूएलचे इनोडीबी इंजिन वर्तुळ सापडताच एक व्यवहार रद्द करून त्याचे लॉक सोडवते आणि त्याला `ERROR 1213` कळवते. अशा वेळी तो व्यवहार पुन्हा चालवायची जबाबदारी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची असते, आणि तेवढा कोड लिहायला विसरू नका.